फिफोचा खर्च दर महिन्याला थोडासा का चुकतो? इश्यू दोन लॉटांत फुटतो तेव्हाचं गणित

महिनाअखेरीला ताळा घ्यायला बसलं की हे ठरलेलं. खरेदीची एकूण रक्कम घ्यायची, त्यातून प्रत्येक इश्यूला लावलेला खर्च वजा करायचा, आणि जे उरेल ते गोदामातल्या शिल्लक मालाच्या किमतीशी जुळायला हवं. नग जुळतात, रक्कम जुळत नाही. फरक फार मोठा नसल्यामुळे कोणीतरी ‘राउंडिंगचा असेल’ म्हणतं, समायोजनाची एक नोंद पडते आणि विषय मिटतो. पुढच्या महिन्यात तोच फरक वेगळा आकडा घेऊन परत येतो.

मीही दोन वेळा अशी नोंद टाकून मोकळा झालो होतो, म्हणून सांगतो: राउंडिंगचा फरक दशांशात असतो. तो पंचाहत्तरचा असेल तर शीटचं गणितच चुकलेलं असतं. बहुतेक वेळा चूक एकाच जागी सापडते, ती म्हणजे एकच इश्यू जिथे दोन लॉटांतून भागवला जातो तिथे.

एका वस्तूचा एक महिना घेऊ. आवक अशी:

| लॉट | तारीख | नग | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|
| पहिला | २ | १०० | ५० | ५००० |
| दुसरा | ९ | ६० | ५४ | ३२४० |
| तिसरा | १७ | ८० | ५१ | ४०८० |

एकूण २४० नग, रक्कम १२३२०. जावक चार वेळा झाली: ५ तारखेला ७० नग, ११ ला ५०, १४ ला २५ आणि २० ला ६०. एकूण २०५ नग गेले, ३५ उरले.

आधी हे हातानेच करू, कारण उत्तर माहीत नसताना सूत्र तपासत बसण्यात अर्थ नाही. पहिले ७० नग सरळ पहिल्या लॉटमधून जातात, खर्च ३५००. आता पहिल्या लॉटमध्ये ३० उरले आणि दुसरा इश्यू ५० चा आहे. म्हणजे ३० नग ५० च्या दराने, उरलेले २० नग ५४ च्या दराने: १५०० अधिक १०८०, खर्च २५८०. तिसऱ्या इश्यूचे २५ नग सगळे दुसऱ्या लॉटचे, १३५०. चौथ्याला दुसऱ्या लॉटमधले उरलेले १५ नग ५४ ने आणि तिसऱ्यातले ४५ नग ५१ ने, म्हणजे ८१० अधिक २२९५, एकूण ३१०५. चारही मिळून १०५३५. शिल्लक ३५ नग ५१ च्या दराने १७८५. दोन्हींची बेरीज १२३२०, म्हणजे ताळा बसला.

आता बिघडलेली शीट पाहा. बहुतेक शीटमध्ये `LOOKUP` किंवा तसंच काही लावून ‘आतापर्यंत गेलेले एकूण नग कुठल्या लॉटमध्ये पडतात’ हे शोधलेलं असतं आणि त्या लॉटच्या दराने अख्ख्या इश्यूला गुणलेलं असतं. पहिला इश्यू बरोबर येतो, ३५००. दुसऱ्यात एकूण १२० नग होतात, ते दुसऱ्या लॉटमध्ये पडतात, म्हणून पन्नासच्या पन्नास नगांना ५४ लागतो: २७००. खरा खर्च २५८०, म्हणजे १२० जास्त. तिसरा बरोबर, १३५०. चौथ्यात साठही नगांना ५१ लागतो: ३०६०. खरा ३१०५, म्हणजे ४५ कमी. एकूण १०६१०, फरक ७५.

ही चूक इतके महिने टिकते ती यामुळे. दर चढताना खर्च जास्त लागतो, दर उतरताना कमी लागतो, आणि महिन्याभरात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एकूण फरक पंचाहत्तरचा दिसतो, पण एकट्या दुसऱ्या इश्यूवर तो एकशेवीसचा आहे. त्या इश्यूच्या कामाचा नफा काढला असेल तर तो तेवढ्याने कमी दाखवला गेलाय, आणि महिन्याचा ताळा पाहून हे कळणार नाही.

हीच चूक आहे की दुसरी काही, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे शिल्लक मालाचा दर काढून बघणं. चुकीच्या पद्धतीत १२३२० मधून १०६१० गेले, उरले १७१०. त्याला ३५ ने भागा: ४८.८६. आता लॉटचे दर बघा, ५०, ५४, ५१. यांतला एकही ४९ च्या खाली नाही. जो दर तुम्ही कधी दिलाच नाही, त्या दराचा माल गोदामात असणं शक्य नाही. शिल्लक नग शेवटच्या लॉटच्या आत मावत असतील तर हा भागाकार त्या लॉटच्या दराइतकाच यायला हवा. जास्त लॉटांवर पसरले असतील तर तो त्या लॉटांच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दराच्या मधे यायला हवा. याच्या बाहेर गेला की सूत्र उघडायचं.

सूत्र कसं मांडायचं

प्रत्येक इश्यूसाठी ‘या लॉटमधून किती, त्या लॉटमधून किती’ असं शोधत बसायचं नाही. प्रश्न उलटा करायचा: सुरुवातीपासूनच्या पहिल्या इतक्या नगांची मिळून किंमत किती? पहिल्या ७० ची ३५००. पहिल्या १२० ची ६०८०, म्हणजे ५००० अधिक २० गुणिले ५४. मग दुसऱ्या इश्यूचा खर्च म्हणजे फक्त ६०८० वजा ३५००, बरोबर २५८०. इश्यू कितीही लॉटांत फुटला तरी वजाबाकी एकच राहते. रांगेत माल लावून ठेवला आहे आणि आपण फक्त दोन खुणांमधलं अंतर मोजतोय, इतकं ते साधं आहे.

प्रश्न उरतो ‘पहिल्या इतक्या नगांची किंमत’ एका सेलमध्ये काढायचा. इथे दुसरा खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. सहज सुचतं ते असं: प्रत्येक लॉटमधून जेवढे नग लागतात आणि जेवढे आहेत, त्यांतली लहान संख्या घ्यायची आणि दराने गुणायचं. मग `B` ला नग, `C` ला दर, `D` ला त्या लॉटच्या आधी आलेले एकूण नग आणि `I` ला आतापर्यंत गेलेले एकूण नग धरून लिहिलं जातं:

```
=SUMPRODUCT(MIN(MAX(0,I2-D$2:D$4),B$2:B$4)*C$2:C$4)
```

दिसायला निर्दोष आहे, पण `MIN` आणि `MAX` ओळीओळीने चालत नाहीत. ते सगळ्या यादीचा मिळून एकच आकडा देतात. पहिल्या इश्यूला हे सूत्र लावलं तर ७० नगांचा खर्च ९३०० येतो: `MAX` सगळ्यांतला मोठा म्हणून ७० देतो, `MIN` सगळ्यांतला लहान म्हणून ६० देतो, आणि ते ६० तिन्ही दरांना गुणले जातात. आकडा इतका बेढब येतो की लगेच डोळ्यांत भरतो, हे त्यातल्या त्यात बरं. एकच लॉट असेल तेव्हा मात्र हे सूत्र चोख उत्तर देतं, म्हणून चाचणी एका लॉटवर करून कोणी समाधानी झालं तर फसतं.

यावरचा उपाय म्हणजे दराऐवजी दरातला बदल वापरायचा. पहिला लॉट ५० चा. दुसऱ्यापासून दर ४ ने वाढला. तिसऱ्यापासून ३ ने उतरला. मग पहिल्या २०५ नगांची किंमत अशी: सगळे २०५ नग ५० ने, १०२५०. त्यातले शंभराच्या पुढचे १०५ नग आणखी ४ ने महाग, म्हणून अधिक ४२०. एकशेसाठाच्या पुढचे ४५ नग ३ ने स्वस्त, म्हणून वजा १३५. झाले १०५३५. वर हाताने काढलं तेच.

शीटमध्ये `A` ला आवकेची तारीख, `B` ला नग, `C` ला दर. `D` ला या लॉटच्या आधी एकूण किती नग आले, `E` ला दरातला बदल. जावकेसाठी `G` ला तारीख, `H` ला नग, `I` ला आतापर्यंतचे एकूण नग, `J` ला त्यांची किंमत आणि `K` ला या इश्यूचा खर्च. पहिल्या ओळीत फक्त मथळे.

```
D2: =SUM(B$1:B1)
E2: =C2-N(C1)
I2: =SUM(H$2:H2)
J2: =SUMPRODUCT((I2>D$2:D$4)*(I2-D$2:D$4)*E$2:E$4)
K2: =J2-N(J1)
```

सगळी सूत्रं खाली ओढायची. `N` तिथे एवढ्यासाठी आहे की पहिल्या ओळीतल्या मथळ्याचा मजकूर शून्य धरला जावा. `J` मध्ये ३५००, ६०८०, ७४३० आणि १०५३५ यायला हवेत, `K` मध्ये ३५००, २५८०, १३५० आणि ३१०५.

एक गोष्ट लक्षात ठेवा. `K` ची बेरीज आणि `J` चा शेवटचा आकडा नेहमीच जुळणार, कारण `K` त्याच्याच वजाबाक्यांनी बनलाय. म्हणून ही जुळणी ताळा म्हणून धरू नका. खरा ताळा दुसऱ्या टोकाकडून घ्यायचा: गोदामातले नग मोजायचे आणि शेवटच्या लॉटपासून मागे येत त्यांना दर लावायचे. इथे ३५ मोजले, शेवटचा लॉट ८० चा, म्हणजे सगळे ५१ ने, १७८५. हे १२३२० मधून वजा करून १०५३५ आले तरच शीट बरोबर.

माल नसताना झालेला इश्यू

वरचं सूत्र तारखा बघत नाही. त्याला फक्त लॉटचा क्रम कळतो. समजा ५ तारखेचा इश्यू ७० च्या जागी चुकून ११० टाइप झाला. त्या दिवशी गोदामात १०० च नग होते. सूत्र निमूटपणे वरचे १० नग ९ तारखेला येणाऱ्या लॉटमधून घेईल आणि ५४ चा दर लावेल. खर्च दिसायला ठीकच दिसेल, पण अजून न आलेला माल खपवलेला असेल. म्हणून बाजूला एक कॉलम असा ठेवाच:

```
L2: =I2>SUMIF(A$2:A$4,"<="&G2,B$2:B$4)
```

इथे `TRUE` आलं की त्या तारखेपर्यंत आलेल्यापेक्षा गेलेला माल जास्त झालाय. कारण बहुधा तीनांपैकी एक: इश्यूचा आकडा चुकला, आवकेची नोंद उशिरा पडली, किंवा तारीख तारीख नसून मजकूर म्हणून बसली आहे. शेवटचं कारण सगळ्यांत चिडवणारं, कारण डोळ्यांना तारीख दिसते पण `SUMIF` ती मोजत नाही आणि `L` कॉलम `TRUE` ने भरून जातो. सेलचं फॉरमॅट जनरल करून बघा. आकडा दिसला तर तारीख खरी, तशीच राहिली तर मजकूर.

आवक आणि इश्यू एकाच दिवशी असतील तर `<=` मुळे आवक आधी झाली असं धरलं जातं. एकाच दिवशी दोन लॉट आले असतील तर त्यांचा आपसातला क्रम एकदा ठरवा आणि तो लॉट क्रमांकाने पक्का करा. नाहीतर कोणी शीट नव्याने सॉर्ट केली की इश्यूचे खर्च बदलतात, आणि काहीच न बदलता आकडे कसे हलले हे कोणाला उमजत नाही.

उशिरा आलेलं बिल

सूत्र बरोबर करूनही मागचे आकडे हलतात, ही तक्रार मला सगळ्यांत जास्त ऐकू येते. कारण बहुतेक वेळा हेच असतं.

समजा ४ तारखेला ४० नग आले होते, दर ४८, पण बिल २५ ला हाती आलं आणि नोंद तेव्हा झाली. हा लॉट रांगेत पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे जातो. मग पहिल्या १२० नगांची किंमत ६०८० ऐवजी ५९६० होते, १४५ ची ७१९०, २०५ ची १०४१५. इश्यूचे खर्च आता ३५००, २४६०, १२३० आणि ३२२५. म्हणजे दुसरा आणि तिसरा प्रत्येकी १२० ने उतरले, चौथा १२० ने चढला. सूत्राने काही चूक केलेली नाही, पण कोणी १५ तारखेला छापलेला अहवाल आता शीटशी जुळणार नाही.

महिना अजून उघडा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: लॉट माल आल्याच्या तारखेला घाला, बिलाच्या तारखेला नाही. ते नग खरोखरच ४ तारखेपासून गोदामात होते. छापलेला अहवाल परत काढा. त्याहून चांगलं म्हणजे माल आला त्याच दिवशी चलनावरून अंदाजी दराने लॉट टाकायचा आणि बिल आल्यावर फक्त दर सुधारायचा. मग निदान रांगेतला क्रम तरी हलत नाही.

महिना बंद झाला असेल तर मागचे `K` हलू द्यायचे नाहीत. बंद करतानाच `K` कॉलम कॉपी करून किमती म्हणून शेजारी चिकटवून ठेवायचा, सूत्रासकट नाही. उशिराचा लॉट मग रांगेच्या शेवटी, नोंदीच्या तारखेला जातो. आपल्या उदाहरणात खर्च १०५३५ च राहील आणि शिल्लक ३५ नग ५१ ने व ४० नग ४८ ने, मिळून ३७०५ होईल. माल वेळेवर नोंदला असता तर शिल्लक ३८२५ आली असती. हा १२० चा फरक नाहीसा होत नाही, पुढे तो माल खपेल तेव्हा खर्चात वळता होतो. नोंदीशेजारी एक ओळ लिहून ठेवा, तपासणीच्या वेळी ती शोधली जातेच.

नवा महिना नव्या शीटवर सुरू करताना आणखी एक चूक होते. सुरुवातीची शिल्लक एकाच ओळीत सरासरी दराने टाकली जाते. समजा चौथा इश्यू झालाच नसता, तर शिल्लक दुसऱ्या लॉटचे १५ नग आणि तिसऱ्याचे ८० नग, किंमत ४८९०. ९५ नगांचा सरासरी दर सुमारे ५१.४७. तो एकच लॉट म्हणून पुढे नेला तर पुढचा १५ नगांचा इश्यू ८१० ऐवजी सुमारे ७७२ ला जातो. शिल्लक एकूण बरोबर असते, म्हणून ताळ्यात काही दिसत नाही, पण फिफो तिथे मोडलेलं असतं. उरलेला प्रत्येक लॉट वेगळ्या ओळीत, आपल्याच दराने पुढे न्या.

परत आलेला माल

इश्यू केलेला माल परत आला तर जावकेत उणे नग टाकून सूत्र चालतं. चौथ्या इश्यूनंतर १० नग परत आले की एकूण २०५ वरून १९५ होतात आणि खर्च उणे ५१० येतो. म्हणजे ते नग शेवटच्या खपलेल्या दराने परत घेतले गेले. ते खरं तर दुसऱ्या इश्यूचे असतील, तर त्यांचा मूळ खर्च २५८० भागिले ५०, म्हणजे ५१.६० ने होता. कुठला दर धरायचा हे एकदा ठरवून तसंच पाळा. मूळ खर्चाने घ्यायचं ठरलं तर हे सूत्र आपोआप ते करणार नाही, त्या नगांचा आवकेत वेगळा लॉट करावा लागेल.

खरेदी परत केली तर मात्र आवकेत उणे लॉट अजिबात टाकू नका. `D` कॉलम मागे सरकतो आणि पुढच्या सगळ्या खुणा विस्कटतात. ज्या लॉटमधला माल परत गेला, त्याच लॉटचे नग कमी करा.

आणि राउंडिंग खरंच असेल तेव्हा

सुरुवातीला राउंडिंगला निर्दोष ठरवलं खरं, पण त्याचंही एक ठिकाण आहे. समजा ३ नगांचा लॉट १०० ला आला आणि एकेक नग तीनदा गेला. प्रत्येक इश्यू दोन दशांशांपर्यंत गोल केला तर ३३.३३ तीनदा, एकूण ९९.९९, आणि एक शतांश अधांतरी लोंबत राहतो. त्याऐवजी गोल करायचं ते `J` ला: ३३.३३, ६६.६७, १००. मग `K` मध्ये ३३.३३, ३३.३४, ३३.३३ येतात आणि बेरीज पूर्ण १०० भरते. यासाठी `C` मधला दर मात्र गोल केलेला नको, रक्कम भागिले नग असाच राहू द्या. तिथे ३३.३३ टाइप केलेलं असेल तर `J` चा शेवटचा आकडा ९९.९९ येईल, आणि मग `ROUND` कुठेही लावलं तरी तो शतांश परत येणार नाही.